सेल्समनचे कमिशन: टारगेटची रेघ पुसून टाका

प्रश्न: आमचे जिल्ह्याच्या गावी साडी आणि ड्रेस मटेरियलचे दुकान आहे. काउंटरवर आठ सेल्समन, शिवाय कॅशियर, फॉल-पिको बघणाऱ्या बाई आणि हेल्पर असे अकरा जण आहेत. महिन्याला साधारण ३० लाखांची विक्री होते. प्रत्येक सेल्समनला ४ लाखांचे टारगेट आहे. ते झाले तर सगळ्या विक्रीवर १ टक्का, नाही झाले तर काही नाही. जुना माल खपवला की नगामागे १०० रुपये वेगळे. हल्ली महिनाअखेरीला बिले फाटतात आणि पुढच्या आठवड्यात तोच माल परत येतो. दोघांना तर मी प्रत्यक्ष पकडले. "तुमची मुले फार गळ्यात पडतात" असे म्हणून गिऱ्हाइकांची दोन जुनी घरे तुटली. कमिशन बंद करावे की नवी पद्धत बसवावी? त्या दोघांना काढावे का?

उत्तर:

कमिशन बंद करू नका, आणि त्या दोघांना निदान या कारणासाठी तरी काढू नका. जे घडते आहे ते माणसांच्या वृत्तीपेक्षा हिशेबाच्या आखणीतून येते आहे, आणि ती आखणी बदलली नाही तर त्यांच्या जागी येणारे दोघेही सहा महिन्यांत तेच करू लागतील.

आधी तो हिशेब सेल्समनच्या बाजूने करून पाहा. महिन्याची २९ तारीख आहे आणि एकाची विक्री ३ लाख ८८ हजारांवर अडली आहे. त्याला १२ हजार कमी पडत आहेत. ते झाले तर हातात ४,००० रुपये येतात, झाले नाहीत तर महिनाभराच्या कष्टाचे शून्य. म्हणजे त्या शेवटच्या १२ हजारांच्या विक्रीवर तुम्ही प्रत्यक्षात एक टक्का नव्हे तर तेहतीस टक्के देऊ करता. साड्यांत तुमचा नफा सरासरी २५ टक्के धरला, तर त्या विक्रीतून दुकानाला ३,००० मिळतात आणि त्यासाठी तुम्ही ४,००० मोजता. ज्याला घरभाडे द्यायचे आहे असा माणूस मेहुण्याच्या नावाने चार साड्यांचे बिल फाडतो आणि तीन तारखेला माल परत आणून ठेवतो, यात मला आश्चर्य वाटत नाही.

या रेघेमुळे आणखी दोन गोष्टी होतात, त्या तुमच्या लक्षात आल्या नसतील. वीस तारखेला ज्याची विक्री २ लाख १० हजारच आहे, त्याला ४ लाख गाठता येणार नाहीत हे कळून चुकलेले असते. त्याच्यासाठी महिना तिथेच संपतो. मग तो गिऱ्हाइकाला "ताई, एक तारखेनंतर या, नवीन माल उतरतोय" असे सांगून विक्री पुढच्या महिन्यात ढकलतो, किंवा आपली बिले शेजारच्या सेल्समनच्या कोडवर टाकतो आणि मिळालेले कमिशन दोघे वाटून घेतात. हे ओळखण्याची सोपी खूण आहे. गेल्या बारा महिन्यांतील प्रत्येक सेल्समनची मासिक विक्री एका कागदावर लहानापासून मोठ्यापर्यंत उतरवून काढा. ४ लाख ते ४ लाख १५ हजार या पट्ट्यात खूप आकडे आणि ३ लाख ८५ हजार ते ४ लाख या पट्ट्यात जवळजवळ काहीच नाही, असे दिसले तर विक्री त्या रेघेभोवती वळवली जाते आहे असे समजावे. खरे गिऱ्हाईक तुमची रेघ पाहून दुकानात येत नाही, त्यामुळे खऱ्या विक्रीत असा खड्डा पडायला काही कारण नसते.

गळ्यात पडण्याचे मूळ मात्र मला टारगेटपेक्षा त्या नगामागच्या १०० रुपयांत जास्त दिसते. मी स्वतः सहा वर्षे एका साडीच्या दुकानात काउंटरवर काढली. तिथे पडून राहिलेल्या मालावर त्या काळी नगामागे ५० रुपये मिळत. एकदा भर दुपारी एक वयस्कर मावशी आल्या. त्यांना रोज नेसायला साधी सुती नऊवारी हवी होती, हिरवी. तो माल माझ्या मागच्याच रॅकमध्ये होता. मी त्यांच्यासमोर जरीकाठाच्या सेमी सिल्कच्या सहा घड्या मोडल्या, कारण पन्नास रुपयांची चिठ्ठी त्यांच्यावर होती. त्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "अंगाला टोचंल का रे?" मी म्हणालो, "दोन धुण्यांत मऊ होते, मावशी." जरीचा काठ धुऊन मऊ होत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. त्यांनी दोन घेतल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दोन्ही साड्या घेऊन आला, मालकांशी एक शब्दही वाढवून बोलला नाही, पैसे घेऊन गेला, आणि ते घर पुन्हा कधी दुकानात दिसले नाही. मला शंभर रुपये मिळाले होते. ते परत मागितले गेले नाहीत, कारण तसा नियमच नव्हता.

एका ठरावीक वस्तूवर वेगळे पैसे लावले की विकणाऱ्याचे लक्ष गिऱ्हाइकाच्या गरजेवरून त्या वस्तूवर जाते, आणि हे लहान दुकानांपुरतेच नाही. अमेरिकेत १९९२ साली सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर कॅलिफोर्नियाच्या ग्राहकविषयक खात्याने गरज नसलेल्या दुरुस्त्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्याचा आरोप ठेवला. तिथल्या सल्लागारांना कमिशन होते आणि ठरावीक सुटे भाग विकण्याचे कोटेही होते. आपल्या आखलेल्या उद्दिष्टांमुळे आणि मोबदल्याच्या पद्धतीमुळे चुका होतील असे वातावरण तयार झाले, हे कंपनीच्या अध्यक्षांना जाहीरपणे मान्य करावे लागले, आणि सल्लागारांची ती पद्धत बंद झाली.

आता नव्या आखणीकडे येतो. पहिली अट पगाराची आहे. मूळ पगारावर घर चालले पाहिजे आणि कमिशन ही वरची कमाई राहिली पाहिजे. साध्या महिन्यात कमिशन पगाराच्या पाचव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत असावे, असे माझे मत आहे. त्याहून कमी झाले तर कोणी मनावर घेत नाही. ते निम्म्यावर गेले तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठताना सेल्समनच्या चेहऱ्यावर भीती दिसू लागते, आणि दडपण सुरू होते ते त्या भीतीतून. कायद्याच्या बाजूनेही हे धरून चालावे लागते. वेतन संहिता, २०१९ मध्ये कमिशन वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले आहे, आणि अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे "पगार कमी, पण कमिशन धरून किमान वेतन भरते" हा युक्तिवाद करू नये. मूळ पगार स्वतःच्या बळावर किमान वेतनाच्या वर असावा.

दुसरी गोष्ट म्हणजे टारगेटची रेघ पूर्ण काढून टाकावी आणि पहिल्या रुपयापासून शेवटच्या रुपयापर्यंत एकच दर ठेवावा. तुमच्या दुकानासाठी मी एकूण १.२ टक्के सुचवतो आणि त्याचे दोन सारखे भाग करतो: ०.६ टक्के ज्याने विकले त्याचे, ०.६ टक्के सगळ्या दुकानाचे.

३० लाखांच्या महिन्यात दुकानाच्या सामाईक भागात १८,००० रुपये जमतात. ते अकरा जणांत हजेरीप्रमाणे वाटायचे. सगळे २६ दिवस आले तर एकूण २८६ हजेऱ्या होतात आणि एका हजेरीला सुमारे ६३ रुपये पडतात, म्हणजे पूर्ण महिना भरणाऱ्याला १,६३६ रुपये. त्यावर ज्याची स्वतःची विक्री ४ लाख आहे त्याला २,४०० मिळून ४,०३६ होतात. तो आज ४,००० घेतो, म्हणजे त्याचे काही बुडत नाही. ३ लाख ८८ हजारवाल्याला आज शून्य मिळते, त्याला ३,९६४ मिळतील. ३ लाख ३० हजारवाल्याला ३,६१६. आणि ज्या १२ हजारांच्या खोट्या बिलाची किंमत आज ४,००० रुपये आहे, त्याची किंमत ७२ रुपये होते. बहात्तर रुपयांसाठी मेहुण्याला कोणी त्रास देत नाही. लग्नसराईत विक्री दुप्पट झाली तरी दर तोच राहतो, त्यामुळे दर हंगामाला टारगेट वाढवण्यावरून होणारी कुरबुरही संपते.

हे स्वस्त नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. समजा, आज चौघांचे टारगेट सरासरी ४ लाख २० हजारांवर पूर्ण होते आणि बाकीचे चौघे ३ लाख ३० हजारांच्या आसपास राहतात, तर तुम्ही १६,८०० रुपये देता. जुन्या मालाचे महिन्याला ८० नग धरले तर आणखी ८,०००. म्हणजे एकूण २४,८००. नव्या पद्धतीत ३६,००० जातील. वरच्या ११,२०० रुपयांची भरपाई होण्यासाठी, २५ टक्के नफ्यातून १.२ टक्के कमिशन वजा करून, महिन्याला सुमारे ४७,००० रुपयांची जादा खरी विक्री लागेल. आठ जणांत आणि २६ दिवसांत वाटली तर ती एकेकाला दिवसाला सव्वादोनशे रुपयांची होते. वीस तारखेला हात सोडून बसणारे तुमचे चौघे शेवटचे दहा दिवस मनापासून उभे राहिले, तर ती होण्यासारखी आहे. तरीही खात्री नसेल तर १ टक्क्याने सुरुवात करा आणि सहा महिन्यांनी वाढवा. आधी जास्त देऊन नंतर दर कमी केलात, तर मात्र माणसे ते कधी विसरत नाहीत.

सामाईक भाग कशासाठी, असे तुमचा सर्वांत तेज सेल्समन नक्की विचारेल. त्याला दुकानातलीच उदाहरणे द्या. पन्नास साड्या मोडल्यावर घड्या कोण घालतो? माल उतरतो तेव्हा गठ्ठे कोण फोडतो? बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाशी दहा मिनिटे गोड कोण बोलतो? निव्वळ वैयक्तिक कमिशनमध्ये या प्रत्येक कामाला बसणारा माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो, त्यामुळे ती कामे नव्या मुलावर किंवा हेल्परवर ढकलली जातात. फॉल-पिको वेळेवर मिळाला म्हणून गिऱ्हाईक पुन्हा येते, पण त्या बाईंच्या नावावर एकही बिल नसते. कॅशियरला फक्त सामाईक भागातूनच मिळत असल्यामुळे कोणाचा कोड कुठे पडला यात तिचा स्वार्थ राहत नाही, आणि कोडची नोंद तिच्याकडे निर्धास्तपणे सोपवता येते. अकरा जणांत कोण अंग चोरतो हे सगळ्यांना दिसते, म्हणून ही वाटणी चालते. तीस-चाळीस जणांच्या दुकानात ती मजल्याप्रमाणे किंवा विभागाप्रमाणे करावी लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे कमिशन कोणत्या रकमेवर द्यायचे. ते जीएसटी वगळून, सूट वजा करून आणि बदलीची मुदत उलटल्यावर जी विक्री टिकून राहिली तिच्यावरच द्यावे. तुमची मुदत सात दिवसांची असेल तर ३१ तारखेच्या बिलाची मुदत सात तारखेला संपते. दहा तारखेला हिशेब बंद करून बारा तारखेला पैसे द्यावेत. त्यानंतरही माल परत आला तर ती रक्कम पुढच्या महिन्याच्या कमिशनमधून वळती करावी. पगाराला हात लावू नये. परतीवर याहून वेगळा दंडही ठेवू नये, नाहीतर परत करायला आलेल्या बाईला दारातच अडवले जाईल आणि एका त्रासाच्या जागी दुसरा येईल. गिऱ्हाइकाने साडी बदलून दुसरी घेतली, तर मूळ बिलाच्या रकमेपर्यंत पहिल्याचाच कोड राहावा आणि वरची रक्कम दाखवणाऱ्याच्या कोडवर जावी.

मालातच दोष निघाला, रंग गेला किंवा विणीत तार तुटलेली असली, तर सेल्समनचे कमिशन कापणे अन्यायाचे आहे. पण अशी सवलत ठेवली की प्रत्येक परतीवर "दोष" असा शेरा पडू लागतो. त्यावर मी वापरत आलेला उपाय असा की, जो नग व्यापाऱ्याकडे डेबिट नोट लावून खरोखर परत पाठवला गेला, तोच दोषाचा मानायचा.

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि बहुतेक मालक त्याकडे पाहतच नाहीत. विक्री हा कष्टांचा आरसा तेव्हाच होतो, जेव्हा सगळ्यांच्या वाट्याला साधारण सारखीच गिऱ्हाइके येतात. आज तुमच्या दुकानात बस्त्याचे कुटुंब पायरी चढले की तिघे उठत असतील, आणि सातशे रुपयांची साडी मागणारी एकटी बाई आली की सगळे मोबाईलमध्ये मान घालत असतील. जो धावण्यात चपळ त्याची विक्री जास्त, आणि जो शांतपणे त्या बाईला पाऊण तास साड्या दाखवतो त्याची कमी. मग तुम्ही कमिशन देता ते धावण्याला.

म्हणून पाळी लावावी. दाराजवळ एक फळा, त्यावर आठ जणांचे कोड, आणि पुढे येणारे गिऱ्हाईक ज्याची पाळी त्याचे. पाळी सोडली की तो रांगेच्या शेवटी जातो, मग आलेले गिऱ्हाईक कसेही असो. एखाद्या घराने नाव घेऊन विशिष्ट सेल्समनला बोलावले तर त्यांना अडवू नये, पण ती त्याची पाळी झाली असे धरावे. बस्त्याला तीन-चार तास आणि दोन-तीन माणसे लागतात. तिथे कोण कोण दाखवणार हे बसतानाच चिठ्ठीवर लिहावे आणि बिलाचा वैयक्तिक भाग त्यांच्यात सारखा वाटावा. कोड नेहमी दाखवायला सुरुवात करताना लिहिला जावा. बिल करताना विचारला तर काउंटरपाशी जो उभा असेल त्याचा पडतो, आणि भांडणे तिथेच लागतात. अनेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीला वेगळा सेल्समन कोड देता येतो, तशी सोय तुमच्याकडे आहे का ते पाहून घ्या.

पाळीच्या फळ्यावरून तुम्हाला एक नवा आकडा मिळेल: कोणी किती गिऱ्हाइके घेतली आणि त्यांतल्या किती जणांनी खरेदी केली. हा आकडा शिकवण्यासाठी फार चांगला आहे. एखाद्याचा तो सतत कमी असेल तर त्याच्याशेजारी बसून पाहा. बहुधा तो बजेट न विचारता दाखवायला लागतो, किंवा पहिल्या पाच मिनिटांतच महाग माल काढतो. पण या आकड्यावर पैसे लावू नका. लावलेत तर चौकशी करून जाणाऱ्या गिऱ्हाइकाची नोंदच होणार नाही, आणि उठू पाहणाऱ्याला पुन्हा खाली बसवले जाईल, म्हणजे ज्या तक्रारीपासून तुम्ही सुरुवात केली तिथेच परत याल.

नगामागचे १०० रुपये लगेच बंद करा आणि फायदा सेल्समनऐवजी गिऱ्हाइकाला द्या. पडून राहिलेल्या साडीची किंमत उघडपणे कमी करून तसे लेबल लावा आणि तो माल वेगळ्या टेबलावर मांडा. दोनशे रुपयांनी उतरलेली किंमत गिऱ्हाइकाला दिसते, म्हणून ती आपला निर्णय आपण घेते. सेल्समनच्या खिशातले शंभर रुपये तिला दिसत नाहीत. सूट देण्याचा अधिकारही सेल्समनकडे ठेवू नका. कमिशन विक्रीवर आणि सूट त्याच्याच हातात, असे झाले की तुमच्या नफ्यातून स्वतःची विक्री वाढवणे त्याला सर्वांत सोपे जाते. सूट मालक किंवा मॅनेजरने द्यावी आणि ती बिलावर दिसावी.

कापडाचा प्रकार बिलावर लिहिण्याची सवयही याच कामात धरावी. सेमी पैठणी "येवल्याची प्युअर" म्हणून गेली किंवा पॉवरलूमचा माल हातमागाचा म्हणून गेला, तर त्यामागे कमिशन असतेच. बिलाच्या ओळीत "सेमी सिल्क, पॉवरलूम" असे छापलेले असले की तोंडी थाप मारणे कठीण होते, कारण घरी गेल्यावर कोणीतरी बिल वाचतेच.

नवी पद्धतही बिघडू शकते, तेव्हा तीन ठिकाणी नजर ठेवावी. महिन्याच्या विक्रीतला शेवटच्या तीन दिवसांचा वाटा आणि प्रत्येक सेल्समनची परती, हे दोन आकडे दर महिन्याला काढावेत. सण किंवा मोठे मुहूर्त नसताना पहिला आकडा अचानक चढला, किंवा एकाची परती बाकीच्यांच्या दुप्पट झाली, तर बिले काढून वाचावीत. एकच फोन नंबर वेगवेगळ्या नावांवर येतो का, हे आधी पाहावे. तिसरी गोष्ट म्हणजे आठवड्याला पाच गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः फोन करावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: जे मागितले ते आधी दाखवले का, आणि कापड कोणते म्हणून सांगितले. असे फोन होतात हे सेल्समनना आधीच सांगून ठेवा. हे त्यांच्यापासून लपवून केले तर ते पहाऱ्यासारखे वाटते आणि त्यांचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

दर महिन्याला प्रत्येकाच्या हातात हिशेबाची चिठ्ठी द्या. तिच्यावर त्याची एकूण विक्री, वजा झालेली परती, ०.६ टक्क्याने आलेली रक्कम, हजेरीचे दिवस आणि सामाईक भाग, एवढे पाच आकडे पुरे. ज्याला तो गुणाकार कागदावर स्वतः करून पाहता येत नाही, त्याला मालक आपल्याला फसवतो आहे असे वाटत राहते, आणि मग फसवण्याचा हक्क आपल्यालाही आहे असे तो मानू लागतो.

सुरुवात लग्नसराई उतरल्यावर, आषाढात करावी. विक्री मंद असते, त्यामुळे पाळीचे आणि कोडचे गोंधळ थोड्या पैशांत निस्तरतात आणि दिवाळीपर्यंत हात बसतो. पहिले तीन महिने जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी हिशेब करून ज्यात जास्त निघेल ते द्या, पण जुन्या हिशेबातूनही परती वजा करा आणि नगामागचे १०० रुपये त्यात धरू नका. तेज सेल्समनला पहिल्या महिन्यात जी शंका असते ती याने जाते.

त्या दोघांना एकेकटे बोलावा. बिले समोर ठेवा, खोट्या बिलांवर घेतलेले कमिशन पुढच्या तीन-चार महिन्यांच्या कमिशनमधून वळते करायचे ठरवा आणि तुमच्या व त्याच्या सहीने तसे लिहून घ्या. नव्या पद्धतीत तेच पुन्हा झाले तर नोकरी जाईल, हेही त्याच कागदावर असू द्या. तो कागद बंद पाकिटात ठेवा, बाकी नऊ जणांपुढे त्याचा विषय काढू नका. आणि तुटलेल्या त्या दोन घरी स्वतः जाऊन या, शक्यतो आषाढाआधी.